कपाटातली कसर



ऑगस्टमधली गोष्ट. पैनगंगेपलीकडून एक बहीण आपल्या बाप्तिस्म्याची नोंद मागायला आमच्याकडे आदिलाबाद जिल्ह्यात आली. लग्न ठरले होते आणि दाखला हवा होता. मी चर्चच्या खोलीतले लोखंडी कपाट उघडले. जूनच्या पहिल्या पावसात बंद केलेले ते कपाट तेव्हाच उघडत होते. आत कुबट वास होता.

जुन्या नोंदवहीत तिचे नाव सापडले, पण वडिलांचे नाव आणि तारीख नव्हती. तिथला कागद फाटला नव्हता. वरचा थर खरवडल्यासारखा गेला होता आणि त्याबरोबर शाईही. पान उजेडासमोर धरले, तर तेवढा भाग पातळ, आरपार दिसणारा. कडेला पिवळसर डाग आणि मिरपुडीसारखे काळे कण होते. ही कसरीची खूण. तेवढ्यात पुठ्ठ्यामागून ती निघालीच: रुपेरी, चपळ, शेपटीला तीन केसांसारखे तंतू.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आपण ज्या कसरीविषयी वाचतो, ती ही नव्हे. मूळ ग्रीक शब्द लोकरी कपडे खाणाऱ्या पतंगाचा आहे. त्याची अळी लोकर आणि रेशीम खाते. आपल्या कपाटातल्या कसरीला पिष्ठ आवडते, म्हणजे बांधणीची खळ, कागदावरचा चिकट लेप आणि स्टार्च केलेले सुती कापड. वेदीची वस्त्रे कडक स्टार्च करून, इस्त्री करून मीच त्याच कपाटात ठेवली होती. दोन वस्त्रांना वेडीवाकडी भोके पडली होती. मेजवानी माझ्याच हातची!

पानांवर आणखी काही हलत होते. जेमतेम एक मिलिमीटरचे, फिकट, धुळीच्या कणासारखे किडे. मला आधी त्यांचीच भीती वाटली. पण हे किडे मुख्यतः डोळ्यांना न दिसणारी बुरशी खातात आणि कागदाचे फारसे बिघडवत नाहीत. ते हवेतला ओलावा शोषून जगतात. हवेची आर्द्रता 50 टक्क्यांखाली काही आठवडे राहिली, की सुकून मरतात. म्हणून ते दिसले, तर कपाट ओले आहे असे समजावे. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र आत ठेवले, तेव्हा आकडा 82 आला. कसरीला नेमकी अशीच हवा मानवते.

कारण भिंतीत होते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले होते. पावसाने भिजलेली ती भिंत पत्र्याला गार ठेवी आणि आतली दमट हवा त्या गार पत्र्यावर ओल धरी.

वह्या उन्हात टाकल्या नाहीत, कारण उन्हाने शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, पाने किंचित उघडी ठेवून त्या उभ्या केल्या. सुकल्यावर मऊ ब्रशने एकेक पान झाडले. मग प्रत्येक वही दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवली, म्हणजे अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडली नाही. घाई केली असती, तर गार कागदावर पाणी सुटले असते.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून विटांवर ठेवले. ते आता कोरड्या दिवशीच उघडतो, पावसात नाही. वस्त्रे धुऊन, पूर्ण वाळवून, स्टार्च न करता ठेवतो. सणाच्या आदल्या दिवशी स्टार्च करतो. डांबराच्या गोळ्यांनी हे साधत नाही, कारण त्या ओल हटवत नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यातच कामाच्या. फटी असलेल्या कपाटात त्या लवकरच ओलावा पिऊन निरुपयोगी होतात. आणि कसर एकदा झाडली म्हणून संपत नाही. ती काही वर्षे जगते, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. म्हणून तळाशी चिकट कागद ठेवून दर महिन्याला पाहतो.

गेलेली अक्षरे मात्र परत येत नाहीत. त्या बहिणीची धर्ममाता अजून आहे, हे आमचे भाग्य. कोणाच्या हक्काला बाधा येत नसेल, तर बाप्तिस्म्यासाठी एका विश्वासू साक्षीदाराची साक्ष पुरते. म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, “पोरी, मीच तुला हातांत धरलं होतं.” फादरांनी ते लिहून घेतले.

पण आणखी दहा वर्षांनी ती कोण सांगणार? त्या रात्री मी उरलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले. तुमच्या चर्चची वही कुठल्या भिंतीला टेकली आहे, ते या रविवारी एकदा हात लावून पाहा.