अडलेला कोपरा

दर दिवाळीस आमच्या घरांतील मुलें एक हस्तलिखित काढितात. भाऊ, पुतणे, सुना व नातवंडें मिळून आम्ही चौदा माणसें एका छपराखालीं राहतों, आणि प्रत्येकाच्या वांट्यास त्या अंकाचें कांहीं ना कांहीं काम येतें. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून शब्दकोडें रचण्याचें काम आमच्याकडे आहे. गतवर्षीं त्या कोड्याच्या एका कोपऱ्यांत आमच्या हातून एक लबाडी घडली. तिची ही हकीकत आहे.

मराठी कोड्यांत एका घरांत एक अक्षर बसतें, आणि तें आपल्या काना-मात्रेसह बसतें. ‘न’ आणि ‘ना’ हीं येथें निराळीं अक्षरें. त्यामुळें उभा शब्द आडव्याशीं जुळविणें पुष्कळ वेळां फार अवघड जातें. गतवर्षीं आम्हीं ‘कवचकुंडलें’ हा सहा अक्षरांचा शब्द डावीकडील पहिल्या उभ्या रांगेंत मांडिला. शब्द आमच्या आवडीचा. शाळेंत कर्णाची कथा सांगतांना आमचा गळा दाटून येई, हें जुने विद्यार्थी अद्याप सांगतात. बाकीचें कोडें त्याच्या आधारानें सुरळीत भरलें. राहिला तो वरचा डावा कोपरा. त्यांत तीन आडवे शब्द हवे होते, क, व आणि च यांनीं आरंभ होणारे, प्रत्येकीं तीन अक्षरांचे. शिवाय उरलेल्या दोन उभ्या रांगांतही तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचतां आले पाहिजेत. रिकामीं घरें अवघीं सहा, परंतु प्रत्येक घर दोन शब्दांस बांधलेलें.

आम्हीं सुचेल तो शब्द लिहीत गेलों. प्रथम ‘कमळ’ लिहिलें आणि लगेच खोडलें. कारण तिसरी उभी रांग ‘ळ’ नें सुरू झाली असती, आणि ‘ळ’ नें आरंभ होणारा शब्द मराठींत कोठून आणावा? मग ‘कलम’ लिहिलें, त्याखालीं ‘वचन’, आणि शेवटीं रांगा पुढीलप्रमाणें भरल्या:

क ल म
व च न
च क न

उभे शब्द पाहावे तों ‘कवच’ कुंडलांच्या पोटीं आहेच, दुसरा ‘लचक’, तिसरा ‘मनन’. सर्व ठीक. केवळ तळचा ‘चकन’ हा शब्द आम्हीं कधीं ऐकिला नव्हता. पण संस्कृताचा अभ्यास अशा वेळीं फार सोयीचा पडतो. धातुपाठांत चक् हा धातु तृप्ति या अर्थीं आहे. त्यास ल्युट् प्रत्यय लाविला कीं ‘चकन’ सिद्ध होतें. आम्हीं खुणेंत ‘तृप्ति (संस्कृत)’ असें लिहिलें आणि निश्चिंत झालों.

अंक निघाल्यावर आमच्या पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी दोन संध्याकाळ त्या एका शब्दासाठीं कोश उघडून बसली. उभे शब्द सुटल्यामुळें तिन्ही अक्षरें तिच्या हातीं आलीं होतीं, पण तीं पटत नव्हतीं. तिसऱ्या दिवशीं ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. “आजोबा, कोशांत चकणा आहे, चकनाचूर आहे, पण चकन नाहीं. माझा लचक चुकला असेल का?” बरोबर असलेलें उत्तर ती आपलें चुकलें म्हणून खोडावयास निघाली होती. आम्हीं तिला धातु सांगितला, प्रत्ययही सांगितला. तिनें शांतपणें विचारिलें, “मग हा शब्द कोणीं कधीं वापरला आहे का?” आम्हांस खालीं पाहावें लागलें. व्याकरणानें शब्द घडवितां येतो, पण तो कोणाच्या बोलण्यांत वा लिहिण्यांत असावा लागतो, हें आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविलें होतें.

त्या रात्रीं आम्हीं कोपरा पुसून पुन्हां मांडला. या वेळीं शब्द लिहिण्याऐवजीं अक्षरें तपासलीं. जें घर सर्वांत अडचणीचें, त्याला दोन्ही बाजूंनीं कोणतीं अक्षरें चालतील याची यादी करावयाची आणि दोन्ही याद्यांत असेल तेवढेंच ठेवावयाचें, असें ठरविलें. मधल्या आडव्या रांगेकडे पाहतां वचन, वजन, वतन, वदन, वहन, वसन, वरण, वळण असे शब्द सुचले. ‘वरद’सारखे थोडे सोडल्यास सर्वांचा शेवट ‘न’ किंवा ‘ण’. म्हणजे तिसऱ्या उभ्या शब्दाचें मधलें अक्षर जवळजवळ ठरलेंच. खरी अरुंद खिंड ती हीच.

आतां त्या उभ्या शब्दाचें पहिलें अक्षर वरच्या आडव्या शब्दाचें शेवटचें असणार. कमळ मागेंच गेलें. ‘कळस’ही गेला, कारण त्याचा ‘ळ’ दुसऱ्या रांगेच्या माथ्यावर येतो. उरले कलम, कलह, कटक, कसब, कपट. त्यांच्या शेवटच्या अक्षरानें आरंभ होऊन मध्यें ‘न’ वा ‘ण’ असणारे शब्द चारच आठवले: मनन, हनन, कनक, टणक. मनन व हनन घेतल्यास तळचा शब्द ‘च’ नें सुरू होऊन ‘न’ नें संपला पाहिजे. चलन किंवा चयन. पण कलम व कलह या दोहोंत मधलें अक्षर ‘ल’. तेव्हां दुसरा उभा शब्द ‘ल’ नें सुरू होऊन ‘ल’ किंवा ‘य’ नें संपणारा हवा. तसा शब्द आम्हांस सांपडेना. ज्या फांदीवर आम्हीं ‘चकन’ लटकविला होता, ती मुळांतच वाळलेली होती, आणि हें चार ओळींच्या तपासानें कळलें असतें.

कनक घेतल्यास कटक, वसन, चरक असे आडवे शब्द येतात आणि मधली उभी रांग ‘टसर’ होते. सर्व शब्द खरे. पण टसर रेशमाचें नांव मुलांना ठाऊक नसतें, आणि चरक हें विशेषनाम. उरला टणक. त्याला वर ‘कपट’ हवें, खालीं चमक, चटक, चषक किंवा चरक, आणि मध्यें वरण किंवा वळण. मधली रांग ‘पर’ किंवा ‘पळ’ नें सुरू होते. ‘पळ’ पुढें म, ट, ष, र यांपैकीं एकही बसत नाहीं. ‘पर’ पुढें ‘म’ बसतो:

क प ट
व र ण
च म क

कवच, परम, टणक. एकही शब्द बाहेरून उसना आणावा लागला नाहीं, आणि कर्णाचीं कुंडलेंही त्याच्यापाशीं राहिलीं.

यंदाच्या अंकांत आम्हीं तोच कोपरा पुन्हां घातला आणि त्याखालीं गतवर्षींच्या चुकीची कबुली दोन ओळींत लिहिली. मधल्या आडव्या शब्दाची खूण दिली, ‘पानावर तुपाची वाट पाहतें’. मुलीनें वाचलें आणि स्वयंपाकघराकडे पाहून प्रथम तोच शब्द भरला. मग पेन्सिल थांबवून प्रत्येक अक्षर वरून खालीं एकदां वाचून पाहिलें. आतां आमचा शब्द ती न तपासतां स्वीकारीत नाहीं, आणि त्याबद्दल आम्हांस तक्रार करण्यास जागा उरलेली नाहीं.