जळजळ नाही, तरी औषध का?



सूनबाईंना चौदावा आठवडा लागला होता. लघवीची साधी तपासणी नॉर्मल आली, पण कल्चरच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय जंतू एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त निघाले. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. सूनबाई म्हणाल्या, "आई, ना जळजळ, ना ताप. मग गोळ्या कशाला?" मलाही वाटलं, जवाचं पाणी देऊन बघू.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रनलिका सैल पडतात. वाढती पिशवी त्यांच्यावर दाब देते, उजवीकडे जरा जास्तच. लघवी रेंगाळते आणि मूत्राशयातल्या जंतूंना वर मूत्रपिंडाकडे वाट मिळते. औषध न घेतल्यास अशा शंभर बायकांपैकी वीस-तीस जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होऊ शकतो. मग थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, दवाखान्यात भरती. बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोकाही वाढतो. वेळेवर औषध घेतलं तर हा संसर्ग बहुतेकींना टळतो.

ऐकताना मला माझ्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. सातव्या महिन्यात तिला असाच हुडहुडी भरून ताप आला होता आणि बाळ लवकर झालं. तिलाही आधी काही त्रास नव्हता. तिची लघवी कुणी तपासलीच नव्हती.

सूनबाईंना दिलेलं औषध होतं नायट्रोफ्युरँटॉइन, बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत. हे औषध बाळंतपण जवळ आल्यावर देत नाहीत, तेव्हा डॉक्टर दुसरं निवडतात. त्यांचा चौविहार असतो. म्हणून संध्याकाळची गोळी सूर्यास्ताआधीच्या जेवणासोबत आणि सकाळची नवकारशीनंतर, असं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच बसवलं. दिवसा पाणी भरपूर प्यायला लावलं. पण नुसत्या पाण्याने हे जंतू जातील यावर विसंबून राहायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं.

नमुना देतानाही चूक होते. आधी पाण्याने स्वच्छ धुवावं, सुरुवातीची लघवी सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घेऊन लगेच लॅबमध्ये पोचवावी. रिपोर्टमध्ये दोन-तीन प्रकारचे जंतू मिसळून आले तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो. तो पुन्हा द्यावा लागतो.

गोळ्या संपल्यावर आठवड्याने कल्चर पुन्हा केलं, ते स्वच्छ आलं. जंतू परत येऊ शकतात, म्हणून पुढेही एकदा तपासलं.

गंमत म्हणजे मागच्या वर्षी माझ्याही रिपोर्टमध्ये असेच जंतू होते. त्रास काही नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मला औषध दिलं नाही. या वयात ते लागत नाही, उलट विनाकारण घेतलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गरोदर बाईची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा घरात गोड बातमी असेल, तर पहिल्या तपासणीलाच विचारा, "लघवीचं कल्चर केलंय का?"