सेन्सेईंना ‘हो रे’ म्हणालेली लेक

आमच्या जपानीच्या वर्गात पहिल्या पातळीच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. समोर सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, आणि आपण एकटे. दहा मिनिटांचा खेळ. आधी स्वतःची ओळख, मग साधे प्रश्न, मग एक मत विचारतात आणि शेवटी एक कार्ड देतात. त्यावर लिहिलेला प्रसंग बोलून दाखवायचा.

मी आणि माझी सतरा वर्षांची लेक रविवारी सकाळी एकत्र वर्गाला जात होतो. ती जपानी कार्टून मालिका बघत मोठी झालेली. तिची जपानी पाण्यासारखी वाहते. माझी अडखळत, पुस्तकाच्या ओळी धरून चालते. त्यामुळे तोंडी परीक्षेत ती पुढे आणि मी मागे असणार हे घरात ठरलेलंच होतं. निकाल लागला तेव्हा दोघींचे गुण जवळजवळ सारखे होते. आणि दोघींचेही गुण एकाच ठिकाणी गेले होते, फक्त उलट दिशांनी.

तिचं आधी सांगते. सेन्सेईंनी विचारलं, ‘शुउमात्सु वा नानि ओ शिमाश्ता का?’ शनिवार-रविवारी काय केलंत? लेक उत्तरली, ‘तोमोदाचि तो एइगा ओ मिता. सुगोकु ओमोशिरोकात्ता!’ मैत्रिणीबरोबर सिनेमा पाहिला, जाम मजा आली. सेन्सेईंनी पुढे विचारलं, सिनेमा आवडतो का? ती म्हणाली, ‘उन, सुकि.’

शब्द सगळे बरोबर, व्याकरण बरोबर, उच्चार तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. तरी गुण गेले. कारण ‘मिता’ हे ‘पाहिला’चं साधं रूप आहे. सेन्सेईंसमोर ते ‘मिमाश्ता’ असायला हवं होतं. ‘ओमोशिरोकात्ता’च्या पुढे ‘देस्’ हवं होतं. आणि ‘उन’च्या जागी ‘हाइ’. ‘उन’ म्हणजे आपलं ‘हं’ किंवा ‘हो रे’. शाळेत मुख्याध्यापकांनी काही विचारलं आणि मुलगी म्हणाली, ‘हं, बघितला, जाम भारी होता,’ तर ती शिवी नसते. पण जवळीक नसताना ती गृहीत धरलेली असते.

घरी येऊन ती रडवेली झाली. तिचं म्हणणं, ‘अम्मी, मी सेन्सेईंना “तू” म्हणालेच नाही. मी माझ्याबद्दल बोलत होते. मी सिनेमा पाहिला. त्यात बेअदबी कुठे आली?’

मी वीसेक वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. हा प्रश्न ऐकून मीच थांबले, कारण आपल्या दोन्ही भाषांच्या हिशेबाने ती अगदी बरोबर होती. उर्दूत ‘तू, तुम, आप’ आणि मराठीत ‘तू, तुम्ही, आपण’ आहे. पण हा सगळा अदब ज्याच्याशी किंवा ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या क्रियापदाला लागतो. मी स्वतःविषयी बोलते तेव्हा वाक्य बदलत नाही. ‘मी भाकरी खाते’ हे मी लेकीला सांगितलं काय आणि शिक्षणाधिकाऱ्यांना सांगितलं काय, वाक्य तेच. जपानीत ते बदलतं. लेकीला सांगताना ‘ताबेरु’, अधिकाऱ्यांना सांगताना ‘ताबेमास्’. खाणारी मीच, खाणंही तेच. बदलला तो फक्त ऐकणारा. ‘आज पाऊस पडतोय’ या वाक्यात तर माणूसच नाही, तरी समोर कोण आहे त्यावर त्याचा शेवट ठरतो. ‘देस्’ आणि ‘मास्’ हा ऐकणाऱ्याला केलेला सलाम आहे, वाक्यातल्या कर्त्याला नव्हे.

हे कळलं की दुसरी गोष्टही कळते. ‘मिता’, ‘ताबेरु’ ही साधी रूपं उद्धट नाहीत. मराठी घरांत आईला ‘तू’ म्हणतात. आमच्या घरात अम्मीला ‘आप’च म्हणायचं असा दंडक होता. लहानपणी शेजारची मैत्रीण तिच्या आईला ‘तू ये ना’ म्हणायची तेव्हा मला दचकायला व्हायचं. पुढे उर्दू शिकवताना ध्यानात आलं की ज्या भाषेत अम्मीला ‘आप’ म्हणतो, त्याच भाषेत दुआ मागताना अल्लाहला ‘तू’ म्हणतो. त्या ‘तू’मध्ये बेअदबी नाही, मधे कुणी नसल्याची खूण आहे. जपानी माणूस घरात आईशी, जुन्या मित्राशी, स्वतःशी आणि रोजनिशीत याच साध्या रूपात बोलतो. मालिकांमधली पात्रंही बहुतेक वेळ मित्रांशी आणि शत्रूंशी बोलत असतात. माझी लेक शाळेबाहेरची जपानी शिकली होती आणि ती घेऊन शाळेत गेली होती.

माझी चूक नेमकी उलटी. आमच्या वर्गाचं पुस्तक ‘मिन्ना नो निहोंगो’. त्यात पहिल्या धड्यापासून ‘देस्’ आणि ‘मास्’च येतं. साध्या रूपातलं बोलणं थेट विसाव्या धड्यात भेटतं. तोपर्यंत जिभेला सवय लागलेली असते की क्रियापद आलं की ‘मास्’ लावा, म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. मला सेन्सेईंनी मत विचारलं, ‘निहोन् नि त्सुइते दोउ ओमोइमास् का?’ जपानविषयी काय वाटतं? मी उत्तरले, ‘निहोन् वा बुक्का गा ताकाइ देस् तो ओमोइमास्.’ जपानमध्ये महागाई आहे असं वाटतं. पुढे जोडलं, ‘माचि वा किरेइ देस् तो ओमोइमास्.’ शहरं स्वच्छ आहेत असं वाटतं. मला वाटलं, दोनदा ‘देस्’, दुप्पट अदब. प्रत्यक्षात दोन्ही वाक्यं चुकली होती.

‘असं वाटतं’ म्हणजे ‘तो ओमोइमास्’. त्याच्या आतलं वाक्य साध्या रूपातच हवं. ‘ताकाइ तो ओमोइमास्’, मधलं ‘देस्’ गळतं. ‘किरेइ’सारख्या शब्दाला आणि नामाला मात्र ‘देस्’च्या जागी ‘दा’ लागतो: ‘किरेइ दा तो ओमोइमास्’. क्रियापद असेल तर ‘आमे गा फुरु तो ओमोइमास्’, पाऊस पडेल असं वाटतं. ‘फुरिमास् तो’ नाही. असंच ‘तोकि’ म्हणजे ‘जेव्हा’च्या आधी आणि ‘मी काल पाहिलेला सिनेमा’ अशा रचनेत नामाच्या आधी. ‘किनोउ मिता एइगा’ बरोबर, ‘मिमाश्ता एइगा’ नाही.

कारण पुन्हा तेच. ऐकणाऱ्याकडे तोंड करून फक्त वाक्याचा शेवट उभा असतो. आतला भाग हा माझा विचार आहे, तिथे ऐकणारा नाही, मग सलाम कुणाला? अर्जाच्या शेवटी एकदाच ‘आपली विश्वासू’ लिहितो, प्रत्येक ओळीखाली नाही. याला अपवाद आहेत. ‘कारण’ सांगणारा ‘कारा’ आणि ‘पण’ सांगणारा ‘गा’ यांच्या आधी ‘देस्-मास्’ चालतं, कारण ते तुकडे बरेचसे स्वतंत्र वाक्यांसारखे असतात. ‘ताकाइ देस् गा, ओइशिइ देस्’, महाग आहे पण चविष्ट आहे, हे अगदी ठीक.

माझी आणखी एक चूक झाली आणि ती मला जास्त लागली. घरच्यांविषयी बोलताना मी माझ्या अम्मीला ‘ओकाआसान्’ म्हणाले. सेन्सेईंनी हळूच दुरुस्त केलं, ‘हाहा.’ बाहेरच्या माणसाला स्वतःच्या आईविषयी सांगताना जपानीत आदराचा शब्द वापरत नाहीत. समोरच्याची आई ती ‘ओकाआसान्’, माझी ती ‘हाहा’. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. उर्दूत मी आजही ‘अम्मी कहती थीं’ असंच म्हणते, एकवचनी ‘थी’ जिभेवर येत नाही. त्या दोन अक्षरी ‘हाहा’ने मी क्षणभर गप्प झाले. मग समजलं की इथे अम्मीचा मान कमी होत नाही. समोरच्यापुढे मी माझ्या घराला खाली धरते, जसं आपण आपल्या घराला ‘गरीबखाना’ आणि दुसऱ्याच्या घराला ‘दौलतखाना’ म्हणतो.

शेवटच्या कार्डावर मात्र लेक चमकली. प्रसंग होता: मैत्रिणीला रविवारी सिनेमाला बोलवा. सेन्सेई मैत्रीण झाल्या. ती म्हणाली, ‘निचियोउबि, हिमा? एइगा मि नि इकानाइ?’ रविवारी मोकळी आहेस? सिनेमाला येतेस? इथे साधं रूपच शोभतं. तिने शेवटी प्रश्नाचा ‘का’ लावला नाही, आवाज वर नेला. तेही बरोबर, कारण साध्या रूपाला ‘का’ जोडला की प्रश्न दरडावल्यासारखा होतो. मी त्याच कार्डावर ‘इस्शो नि इकिमासेन् का’ म्हणाले. सेन्सेई म्हणाल्या, या पातळीला दोन्ही चालतं. चालत नाही ती खिचडी: एक वाक्य ‘मास्’चं, पुढचं साधं, पुन्हा ‘मास्’चं. ऐकणाऱ्याला कळत नाही की ही मुलगी माझ्या जवळ बसली आहे की समोर.

खिचडी कुठली आणि सहज निघालेला उद्गार कुठला, हेही त्यांनी सांगितलं. बोलता बोलता शब्द आठवेना आणि तोंडून ‘आ, वासुरेता!’ म्हणजे ‘अरे, विसरले!’ निघालं, तर कुणी गुण कापत नाही. ते स्वतःशी बोलणं आहे. पण सेन्सेईंना सांगायचं असेल तर ‘वासुरेमाश्ता’.

जगभर ओळखली जाणारी जपानीची मोठी परीक्षा, जेएलपीटी, तिच्यात तोंडी भागच नाही. तिथे उत्तराचा गोल काळा करायचा असतो, त्यामुळे ही गोची वर्षानुवर्षं लपून राहू शकते. आमची वेळेवर उघडी पडली.

लेकीला तीन आठवड्यांनी पुन्हा तोंडी द्यायची मुभा मिळाली. आम्ही घरी एक सराव लावला. स्वयंपाकघरात दिवसभराची एकच हकीकत दोनदा सांगायची. एकदा मला, साध्या रूपात. मग रिकाम्या खुर्चीकडे वळून तीच हकीकत, खुर्चीत सेन्सेई बसल्या आहेत असं समजून. पहिले दोन दिवस खुर्चीला ‘उन’ ऐकावं लागलं. पाचव्या दिवशी ती खुर्चीकडे वळली की पाठ आपोआप ताठ व्हायची आणि ‘हाइ’ यायचं. मी तोच सराव उलटा केला: आधी मनातलं साधं वाक्य, मग शेवटी एकच ‘ओमोइमास्’.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. परीक्षेनंतर सेन्सेईंनी विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, ‘हाइ, त्सुकारेमाश्ता.’ घरी आली, चप्पल कोपऱ्यात भिरकावली आणि मला म्हणाली, ‘अम्मी, त्सुकारेता.’ मी तिला टोकलं नाही. दोन्ही ठिकाणी तिचं बरोबर होतं.