बाळंतविड्यावरची चिठ्ठी

बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट असे बाळाचे सामान असते आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू. लाडूही पुष्कळदा दूध चांगले यावे म्हणूनच दिले जातात. त्यामुळे आहेरात केवळ आईसाठी असे काही असेल, तर ती सोबतची चिठ्ठी. ओली बाळंतीण थकून कोलमडायला आली असेल, तेव्हा या चिठ्ठीत काय लिहावे आणि काय टाळावे, हे नाशिकच्या एका प्रसंगावरून नीट दाखवता येते.

प्रस्तुत लेखिकेची मैत्रीण पंचवटीत माहेरी बाळंतपणाला आली होती. प्रसूती सिझेरियनने झाली होती. नवजात बाळाला चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा पाजावे लागते, म्हणजे रात्री सलग झोप मिळतच नाही. त्यात टाक्यांची ठणक, दिवसभर भेटीला येणारी माणसे आणि तोंडावर आलेले बारसे. फोनवर ती एवढेच म्हणाली, “मला काही जमतच नाहीये गं.”

अशा वेळी ठरावीक वाक्ये लगेच सुचतात. “आईपणाचा आनंद लूट, हे दिवस परत येत नाहीत” हे त्यांतले सर्वांत जाचक, कारण जिला या घडीला आनंद वाटत नाही, तिला त्याचीही टोचणी लागते. “आमच्या वेळी तर कुणीच मदतीला नव्हतं” हे वाक्य तिचा शीण खोटा ठरवते. “काही लागलं तर हक्कानं सांग” हे मायेने लिहिले जाते खरे, पण काय लागेल हे ठरवायचे, ते मागायचे आणि मागताना संकोचायचे, ही तिन्ही कामे तिच्याच माथी येतात. म्हणून मदत लिहायची तर काम, वार आणि वेळ यांसकट लिहावी. जेवढे नक्की पार पाडता येईल तेवढेच कबूल करावे; कबूल केलेला डबा आला नाही, तर चिठ्ठी न लिहिलेली बरी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बाळंतविडा बाळंतीण एकटी उघडत नाही. आई, सासू, मावशी, शेजारीण अशा साऱ्यांसमोर तो उघडला जातो आणि चिठ्ठी कुणीतरी मोठ्याने वाचते. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले रडणे चिठ्ठीत आले, तर ते घरभर होते आणि “आम्ही काय कमी केलं?” असा प्रश्न माहेरच्यांच्या मनात उभा राहतो. म्हणून थकव्याबद्दल लिहावे ते देहाच्या अंगाने: झोप, अंगदुखी, टाके. कानगोष्टीतले दुःख समोरासमोरच्या बोलण्यासाठी ठेवावे.

हे सारे पाहून, सुरुवातीला तिचे नाव घालून, चिठ्ठी अशी लिहिली गेली:

“हे लाडू तुझे. पाहुण्यांच्या ताटलीत जाऊ देऊ नकोस. झोप नाही, टाके ओढतात, अशात कुणालाही जड जाईल. तुझं काही चुकत नाहीये. गुरुवारी सकाळी दहाला मी जेवणाचा डबा घेऊन येते, सगळ्यांना पुरेल एवढा. तू झोपली असशील तर झोपूनच राहा, काकूंच्या हातात देऊन जाईन. उत्तर पाठवू नकोस.”

यात बाळाचा उल्लेख नाही. त्याचे कौतुक करणारे घरात पुष्कळ होते. डबा सगळ्यांसाठी होता, कारण दिवसरात्र राबणाऱ्या तिच्या आईलाही तेवढीच उसंत हवी होती. शेवटचे वाक्य तर आवर्जून ठेवावे असे आहे. आहेराचे आभार मानणे हेही बाळंतिणीच्या डोक्यावरचे एक काम असते. चिठ्ठी मोठ्या, ठळक अक्षरात लिहून लाडवांच्या डब्याला बाहेरून बांधली होती. एका हातावर बाळ घेऊन मंद दिव्यात वाचायची, तर पाच-सहा ओळींपेक्षा लांब मजकूर उपयोगाचा नाही.

गुरुवारी डबा पोचला तेव्हा ती झोपली होती आणि तिला कुणी उठवले नाही. पुढे भेट झाली तेव्हा “तुझं काही चुकत नाहीये” हे वाक्य आईने दोनदा वाचून दाखवल्याचे तिने सांगितले.

चिठ्ठीचा उपयोग इथपर्यंतच. प्रसूतीनंतर दोन-चार दिवसांत सुरू होणारे रडू, चिडचिड आणि धास्ती बहुतेकींच्या बाबतीत दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप लागेना, जेवण नकोसे झाले किंवा बाळाजवळ जावेसेच वाटेना, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, भास होऊ लागले किंवा वागणे असंबद्ध झाले, तर एक दिवसही न थांबता, तिला एकटी न सोडता, रुग्णालयात न्यावे. मन मोकळे करण्यासाठी आणि सल्ल्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येते.