बाळाचा कान आधी शिकतो

लहान मुलांची ऐकण्याची तपासणी करणं हे माझं काम. रोज समोर बाळं असतात, त्यामुळे त्यांचे आवाज ऐकायची मला सवयच लागली आहे. ती बोलायला कशी शिकतात, हे आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक करून बघू. हनुवटीला बोटं लावा आणि 'बाबाबा' म्हणा. जबडा वर गेला की ओठ मिटतात, खाली आला की 'बा' बाहेर पडतो. जिभेला जवळजवळ कामच नाही! म्हणून बाळाच्या पहिल्या बडबडीत 'बाबाबा', 'मामामा' असे आवाज खूप असतात. दोनेक महिन्यांचं बाळ नुसतं 'आऽ', 'ऊऽ', 'अग्गू' करतं. पुढे ते किंचाळून बघतं, ओठांनी फुर्रर्र करून थुंकी उडवतं. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी माळ सुरू होते. घरात बाबा लगेच खूश होतात, पण तेव्हा बाळाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. त्याचा तोंडाचा सराव चाललेला असतो.

हा सराव कानाच्या आधाराने चालतो, हे मला एका मुलीमुळे नीट उमगलं. दहा महिने पूर्ण झालेल्या नातीला घेऊन तिची आजी आली होती. मुलगी हसत होती, 'आऽऽ', 'ऊऽऽ' करत होती. आजी म्हणाली, "एवढा आवाज करते, म्हणजे ऐकू येतच असणार की! भांडं पडलं तरी दचकते." मी बराच वेळ कान देऊन बसले. 'बाबा', 'दादा' अशी माळ एकदाही आली नाही. मग तिला दिसणार नाही अशी मागे उभी राहून खुळखुळा वाजवला. तिने मान वळवली नाही.

तिच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक आवाज सोडले. निरोगी कान अशा वेळी आतून अगदी मंद आवाज परत पाठवतो आणि यंत्र तो टिपतं. तिच्या दोन्ही कानांतून काही आलं नाही. मग ती झोपलेली असताना डोक्याला तारा लावून 'बेरा' नावाची तपासणी केली. दोन्ही कानांनी तिला फारच कमी ऐकू येत होतं. पडलेल्या भांड्याचा हादरा जमिनीतून तिच्या अंगाला जाणवत होता आणि ती दचकत होती.

ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला रडतं, हसतं, 'आऽ-ऊऽ' करतं, म्हणून घरचे फसतात. फरक कळतो तो बडबडीच्या टप्प्यावर. त्या मुलीला श्रवणयंत्र बसवलं, घरची माणसं तिच्यासमोर बसून रोज बोलू लागली. काही महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा 'बाबाबा' म्हणत होती. प्रत्येक मुलाला श्रवणयंत्र पुरेसं पडतंच असं नाही. काहींना कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवावं लागतं.

कान आणखी एक काम करतो. आता 'त' म्हणा, मग 'ट' म्हणा. 'त'ला जीभ दातांना लागते, 'ट'ला ती मागे वळून टाळूला टेकते. हा फरक इंग्रजीत नाही. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. त्यांचं संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झालं. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजायचा आणि मध्येच बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळवली, तर त्याला हलणारं खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना तो कळत होता, कारण त्यांच्या कानांवर तो रोज पडत होता.

म्हणजे पहिला शब्द येण्याच्या सुमारासच आपल्या भाषेत कोणते फरक महत्त्वाचे, हे कान ठरवत असतो. तोंडाला मात्र वेळ लागतो. म्हणून 'काका'ला 'ताता' म्हणणारं मूलही, तुम्ही मुद्दाम 'ताता' म्हणालात तर बरेचदा चिडतं. बरोबर काय ते त्याने ऐकलेलं असतं.

तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ असेल, तर त्याच्यासमोर बसा. ते 'बाबा' म्हणालं की तुम्हीही उत्तर द्या, मग थांबून त्याला पुन्हा बोलू द्या. आणि दहा महिने उलटूनही 'बाबाबा', 'दादादा' कानावर आलं नाही, तर घरातल्या मोठ्यांना सांगा की त्याचे कान तपासून घ्या. ते खूप आवाज करत असलं, तरीही सांगा.