अंगावर न उठलेले पित्त

तळहाताला खाज सुटली की पैसा येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. गेल्या हिवाळ्यात मी टंकलेखन मध्येच थांबवून दोन्ही तळहात टेबलाच्या कडेवर घासू लागले, तेव्हा शेजारच्या मेजावरील सहकारी हसून म्हणाले, "महागाई भत्त्याची थकबाकी येणार, दुसरे काय!" मीही हसले. मला तेहतिसावा आठवडा चालू होता. थकबाकीपेक्षा रजेचा हिशेब माझ्या डोक्यात अधिक होता. प्रसूतीची रजा एकशे ऐंशी दिवसांची, आणि तिच्यातला एकही दिवस मूल येण्यापूर्वी खर्च होऊ नये, असा माझा कारकुनी निश्चय होता.

खाज तळहातांवर थांबली नाही. दोनतीन दिवसांत ती तळपायांना लागली आणि मग पोटऱ्या, दंड, पाठ असे करीत सर्वांगावर पसरली. दिवसा कामाच्या नादात ती सोसवे. रात्री मात्र अंथरुणाला पाठ टेकली की जणू कोणी हाक मारून तिला जागे करी. थंडीचे दिवस असूनही मी मध्यरात्री उठून न्हाणीघरातील गार फरशीवर अनवाणी उभी राहत असे, कारण तेवढाच काय तो आराम. आणि नवल म्हणजे अंगावर काहीही दिसत नव्हते. पुरळ नाही, गांधी नाही, साधी लाली नाही. होते ते फक्त माझ्याच नखांचे ओरखडे.

माझी आई सांगलीहून बाळंतपणासाठी आली होती. तिने पहिल्याच रात्री निदान केले. "अगं, पित्त उठलंय तुला." आणि आमसुले भिजत घालून त्यांचे पाणी तिने माझ्या हातापायांना चोळले. पित्त उठले म्हणजे अंगावर गांधी दिसायला हव्यात, एवढे तिलाही ठाऊक होते. पण न दिसणाऱ्या खाजेला आमच्या घरात दुसरे नाव नव्हते. वसाहतीजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिले आणि ते म्हणाले, "दिल्लीची थंडी. कातडी कोरडी पडते. शिवाय गर्भारपणात खाज येतेच." त्यांनी गुलाबी रंगाचे एक पातळ औषध लावायला दिले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. गर्भवती स्त्रियांपैकी पुष्कळ जणींना थोडीफार खाज येते आणि बहुतेकींच्या बाबतीत तिच्यामागे काहीच नसते. पोट ताणल्याने येणारी खाज पोटावर असते, आणि एका प्रकारात त्या ताणाच्या रेषांवर लाल पुरळही उठते. तळहात आणि तळपाय यांच्याकडे मात्र त्यांनी लक्ष दिले नाही. मीही ते ठासून सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीसाठी रुग्णालयात गेले. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझे वजन, रक्तदाब वगैरे लिहून झाल्यावर त्यांची नजर माझ्या मनगटावरील ओरखड्यांवर गेली. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हे कशाने?" मी सांगितले. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. पुरळ आधी आले की ओरखडे आधी? रात्री जास्त होते का? तळपायांना होते का? लघवी गडद पिवळी होते का, शौचाचा रंग फिका झाला आहे का? आणि शेवटी, "तुमच्या आईला किंवा बहिणीला गरोदरपणी असे झाले होते का?"

मी नाही म्हणणार, तोच माझ्या मागे उभी असलेली आई म्हणाली, "मला झालं होतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. आई पदराशी चाळा करीत म्हणाली, "हिच्या आधीच्या वेळी. आठव्या महिन्यात. मीही आमसुलाचं पाणी लावलं होतं." आणि ती गप्प झाली. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो मृतच जन्मला होता, एवढे मी लहानपणापासून ऐकून होते. नऊ महिने सारे सुरळीत होते आणि एके दिवशी पोटातले मूल हलेनासे झाले, एवढीच ती हकीकत. तिच्यात खाजेचा उल्लेख त्या दिवसापर्यंत कधी आला नव्हता. कोणी विचारलाच नव्हता.

बाईंनी यकृताच्या नेहमीच्या तपासणीबरोबर आणखी एक तपासणी लिहून दिली: रक्तातील पित्ताम्लांची. कावीळ करणाऱ्या विषाणूंची तपासणी आणि पित्ताशयाची सोनोग्राफीही सांगितली, कारण खाजेमागे ही कारणेही असू शकतात आणि त्यांतली काही गर्भारपणी फार घातक ठरतात. आईला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी आम्हाला प्रकार समजावून सांगितला. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती पित्तातून आतड्यात उतरतात, तेथे स्निग्ध पदार्थ पचवतात, आणि त्यांचा बहुतेक भाग पुन्हा रक्तातून यकृताकडे परत येतो. ही त्यांची रोजची ये-जा. गर्भारपणाच्या अखेरीस शरीरातील संप्रेरके फार वाढतात, आणि ज्यांच्या घराण्यात तशी प्रवृत्ती असते त्यांच्या यकृताच्या पेशींना पित्ताम्ले बाहेर टाकणे जड जाते. मग ती रक्तात साठतात. मला आमच्या जावक विभागाची आठवण झाली. आवक चालू आणि जावक बंद, की टपाल मार्गिकेपर्यंत येते.

"म्हणजे पित्तच ना?" आईने विचारले. बाई हसल्या. "हो, पण अंगावर उठणारे नव्हे. रक्तात राहणारे." आईचे शब्द बरोबर होते आणि अर्थ चुकला होता.

पहिला अहवाल आला तेव्हा मला हायसे वाटले. यकृताची तपासणी निर्दोष होती. पित्ताम्ले १६ मायक्रोमोल प्रति लिटर; प्रयोगशाळेने पुढे तारका छापली होती, कारण तिच्या तक्त्यात मर्यादा १० होती. बाई म्हणाल्या, दहाची मर्यादा उपाशीपोटी घेतलेल्या रक्तासाठी आहे. तुम्ही जेवून आला होता, आणि जेवणानंतर हा आकडा वाढतोच. तशा रक्ताला १९ पर्यंत आम्ही दोष देत नाही. मी पिशवी उचलली. "थांबा," त्या म्हणाल्या. "खाज चालू आहे ना? मग आठवड्याने पुन्हा." खाज आधी येते आणि आकडा मागाहून चढतो, असे पुष्कळदा होते. एका अहवालावर प्रकरण बंद करता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आकडा ४७ होता. यकृताची नेहमीची तपासणी मात्र अजूनही मर्यादेतच होती. केवळ तेवढीच करून घेतली असती, तर माझ्या कागदावर 'सर्व ठीक' असाच शेरा पडला असता. बाईंनी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्याच वेळी प्रामाणिकपणे सांगितले की, यांनी खाज थोडी उतरेल. मुलाचे रक्षण होईलच असे समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये सहाशेहून अधिक स्त्रियांवर या गोळ्यांची तुलनात्मक परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि बालकांच्या बाबतीत फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट मला रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाकडून कळली. ही गोळी स्वतःच एक पित्ताम्ल आहे आणि तपासणीत तीही मोजली जाते. म्हणून चिठ्ठीवर तिचा उल्लेख करावा.

आकड्याला एवढे महत्त्व का, हे मी त्याच दिवशी विचारले. बाईंनी टेबलावरील कागदावर तीन रकाने आखले. तेही २०१९ सालचेच, 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेले, पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून काढलेले. पित्ताम्ले ४० च्या खाली राहिली, तर मृतजन्म शेकडा ०.१३; ४० ते ९९ असतील तर ०.२८, आणि १०० वा त्याहून अधिक झाली तर ३.४४. पहिले दोन रकाने इतर गर्भवतींपेक्षा फारसे निराळे नाहीत. तिसरा आहे. खाजेच्या तीव्रतेवरून मात्र आपण कोणत्या रकान्यात आहोत हे कळत नाही. मूल हलते आहे आणि ठोक्यांचा आलेख आज चांगला आला आहे, यावरूनही उद्याची खात्री देता येत नाही, कारण या प्रकारात मूल हळूहळू खंगत नाही. अचानक जाते, बहुधा पित्ताम्लांमुळे त्याच्या हृदयाची लय बिघडत असावी. हालचाल मोजत राहावी, कमी वाटली तर तत्काळ यावे; पण भरवसा रक्ताच्या आकड्यावर.

आई हे सारे ऐकत होती. घरी येताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "तेव्हा ही तपासणी होती का गं?" मला उत्तर ठाऊक नव्हते. असती तरी तिच्या गावी कोणी केली नसती, आणि त्या मुलाचे काय झाले हे आता कोणत्याच कागदावरून सिद्ध होणार नाही.

तिसरा नमुना छत्तिसावा आठवडा पूर्ण झाला त्या दिवशी दिला. रुग्णालयात ही तपासणी होत नसे; रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत जाई आणि अहवाल यायला दोन दिवस लागत. ते दोन दिवस मी कार्यालयात गेले नाही. रजेचा हिशेब मोडला. ह्यांनी अर्ज लिहून नेला आणि मी घड्याळ समोर ठेवून मुलाची एकेक लाथ वहीत टिपत बसले. आईने आमसुलाचे भांडे केव्हाच उचलून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी आला. ११८. यकृताचा दोषही आता अहवालात उघड दिसत होता.

"आज भरती व्हा," बाई म्हणाल्या. शंभराच्या वर गेल्यावर पस्तीस-छत्तीस आठवड्यांच्या सुमारासच प्रसूती करण्याचा विचार करतात; आकडा मध्यम असता तर अडतीस-एकोणचाळीसपर्यंत थांबता आले असते. लवकर जन्मलेल्या मुलाला श्वासाचा वा कावीळीचा त्रास होण्याचा संभव असतो, म्हणून कमी आकड्याला ही घाई करीत नाहीत. माझ्या बाबतीत तराजू दुसऱ्या बाजूला झुकला होता. कळा आणण्याचे औषध दिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे ग्रॅम. दोन दिवस तिला निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. मला त्या दोन दिवसांत प्रथमच जाणवले की, आपण सलग तीन तास झोपलो आणि नखे कोठेही गेली नाहीत.

सहा आठवड्यांनी केलेल्या रक्ततपासणीत सारे पूर्ववत निघाले. पुढच्या गर्भारपणी हा प्रकार पुन्हा होण्याचा संभव बराच आहे, तेव्हा पहिल्याच भेटीत सांगावे, आणि इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असे बाईंनी माझ्या पुस्तिकेत लिहून दिले.

आई सांगलीला निघाली त्या सकाळी तिने माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला. माझ्या धाकट्या बहिणीला तेव्हा पाचवा महिना लागला होता. "त्या तपासणीचं नाव लिहून दे," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. आणि किती आला की काय, तेही लिही." मी लिहिले. 'रक्तातील पित्ताम्ले. खाज राहिली तर दर आठवड्याला पुन्हा.' खाली ते तीन रकाने आखले. आईने तो एकदा मोठ्याने वाचला, 'पित्ताम्ले' शब्दाशी थोडी अडखळली, आणि घडी करून चंचीत ठेवला.