डोंगराला पाणी पाजताना

आम्ही दोघं मिळून एक छोटा गेम बनवतोय. खेळाडू एकटा सह्याद्रीत भटकतो, इतकीच गोष्ट. चित्रं मित्राची, जमीन माझ्याकडे. पाच किलोमीटर लांब-रुंद प्रदेश हाताने घडवण्याइतका वेळ दोघांकडेही नाही, म्हणून डोंगर कोडनेच उगवायचे ठरले.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, म्हणजे नॉइजपासून. केन पर्लिनने १९८५मध्ये मांडलेली ही युक्ती आहे. नकाशावरचा कुठलाही बिंदू द्या, ती एक आकडा देते आणि शेजारच्या बिंदूंचे आकडे एकमेकांत अलगद मिसळतात. एका थराने नुसत्या गुळगुळीत टेकड्या मिळतात. म्हणून त्यावर दुसरा थर टाकायचा: दुप्पट दाट, पण निम्म्या उंचीचा. मग तिसरा, चौथा.

```
h, a, f = 0, 1, 1
for i in range(6):
    h += a * noise(x*f, y*f)
    a *= 0.5
    f *= 2
```

सहा थरांनंतर स्क्रीनवर डोंगर दिसतो. लांबून छानही दिसतो. पण त्यात उतरून चालायला लागलं की काहीतरी खटकतं. दरी धरून खाली निघालात तर ती कुठेच पोचत नाही, मध्येच एका खड्ड्यात संपते. खऱ्या डोंगरात प्रत्येक घळ ओढ्याला मिळते, ओढा नदीला. नॉइजला हे ठाऊक नसतं, कारण प्रत्येक बिंदूची उंची ती स्वतंत्रपणे काढते. वरून पाणी कुठून येतंय हा प्रश्नच तिथे नाही.

त्यामुळे पाऊस पाडावा लागतो. माझा नकाशा ५१२ गुणिले ५१२ चौकटींचा, एक चौकट दहा मीटरची. एक थेंब कुठेही टाकायचा आणि उताराने एकेक चौकट खाली न्यायचा. उतार, वेग आणि पाणी यांवर तो किती माती वाहू शकतो ते ठरतं. समजा थेंब ६१२ मीटरवरून ६०८वर आला. त्याची क्षमता निघाली ६, अंगावर माती आहे २. उरलेल्या चाराचा तीस टक्के भाग, म्हणजे १.२, तो खरवडून घेतो. पुढे सपाटी आली, क्षमता १वर घसरली आणि अंगावर आहे ३.२. आता जास्तीच्या २.२मधला तीस टक्के भाग, म्हणजे ०.६६, तो तिथेच टाकतो. असे दोनेक लाख थेंब सोडले की घळी कोरल्या जातात, पायथ्याशी गाळ पसरतो, खड्डे बुजत जातात.

यात एक नियम पाळावाच लागतो: एका पावलात उंचीच्या फरकापेक्षा जास्त खरवडायचं नाही. फरक चार मीटरचा असताना पाच मीटर काढले, तर मागची चौकट पुढचीपेक्षा खोल जाते आणि नवा खड्डा तयार होतो. नकाशावर टोचल्यासारखी भोकं दिसली की समजावं, हा नियम मोडलाय. खरवडही एकाच चौकटीत न करता आजूबाजूच्या दोन-तीन चौकटींत वाटून द्यायची, नाहीतर दरीऐवजी नखाने ओढलेल्या रेघा उमटतात. आणि थेंबाचं आयुष्य तीस पावलांचं ठेवलं, तर तो तीनशे मीटरांतच संपतो. त्यातून घळ होते, नदी होत नाही.

हे सगळं जमलं तेव्हा मित्र स्क्रीन बघून म्हणाला, "मस्त आहे रे, पण हे हिमाचल वाटतंय." बरोबर होतं त्याचं. धारदार कणे, सरळ उतरते उतार. सह्याद्री तसा नाही, तो पायऱ्यांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. घट्ट बसाल्ट टिकतो आणि त्याचा कडा होतो. सच्छिद्र थर झिजतो आणि तिथे उतार नाहीतर माची तयार होते. माझ्या थेंबांना मात्र सगळा खडक सारखाच लागत होता.

मग उंचीनुसार कठीणपणा दिला: चाळीस मीटर कठीण, वीस मीटर मऊ, पुन्हा कठीण. कठीण थरात खरवडीला ०.०५ने गुणायचं, मऊ थरात १ने. थरांच्या सीमा थोड्या नॉइजने हलवल्या, नाहीतर डोंगर केकसारखा कापलेला दिसतो. पाऊस पुन्हा पाडला आणि कडे उभे राहिले. उतारावर घसारा साचण्यासाठी, ठरावीक कोनापेक्षा तीव्र उतारावरची माती खाली सरकवणारी दुसरी फेरी असते. ती फक्त मऊ थरावर चालवली; कठीण थरावर चालवली तर कडाच ढासळतो.

एक गोष्ट मात्र यातून कधीच येणार नाही. या नकाशात प्रत्येक चौकटीला एकच उंची असते, म्हणून पोटात आत गेलेला कडा त्यात मावत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नेमका तसाच आहे. तो मित्र वेगळा मॉडेल करून जागेवर बसवतोय, आणि त्याच्या कडा माझ्या जमिनीला जुळवण्याचं काम अजून चालू आहे.